एक किल्ली, चौतीस कुलपं

शनिवारी सकाळी साताऱ्याहून मावशीचा फोन आला. "अरे, माझं मेल उघडेना. संशयास्पद हालचाल दिसली म्हणून खातं बंद केलंय, असं काहीतरी लिहून येतंय. पासवर्ड तर तोच टाकतेय मी, रोजचा."

ती शाळेतून निवृत्त झाली आहे. पेन्शनची कागदपत्रं, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, नातवंडांचे फोटो, सगळं त्या एका जीमेल खात्यात. तिने तोवर चार-पाच वेळा पासवर्ड टाकून पाहिला होता आणि आता ती इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधणार होती. तेवढं करू नकोस, एवढंच मी तिला तातडीने सांगितलं. गुगलच्या मोफत खात्याची सुटका फोनवरून करून देणारी कुठलीही अधिकृत सेवा नाही. तशा नावाने सापडणारे नंबर हे बहुतेक वेळा दुसऱ्या चोराचे असतात आणि घाबरलेला माणूस त्यांना हवा असतो.

तिच्या खात्याचं नेमकं काय झालं होतं, ते दुपारपर्यंत उलगडलं. जीमेलमध्ये कुणी शिरकाव केला नव्हता. तिचा फोनही कुणी 'हॅक' केला नव्हता. काही वर्षांपूर्वी तिने एका दुकानाच्या वेबसाइटवरून एकदाच खरेदी केली होती. त्या दुकानाच्या ग्राहकांची यादी चोरीला गेली. त्या यादीत तिचा ईमेल होता आणि पासवर्डही. `Ganesh@1962`. हाच पासवर्ड जीमेललाही होता, आणि पुढे मोजल्यावर कळलं की आणखी वीस ठिकाणी होता.

इथे एक प्रश्न साहजिक पडतो. वेबसाइटवाले आपला पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवतात का? बरी वेबसाइट ठेवत नाही. ती पासवर्ड दळून ठेवते. गिरणीतून आलेल्या पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत, तसा या दळलेल्या रूपावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. याला हॅश म्हणतात. आपण लॉगिन करतो तेव्हा टाकलेला पासवर्ड पुन्हा दळला जातो आणि दोन्ही पिठं जुळतात का, ते पाहिलं जातं.

पण चोराला पिठाचे गहू करायचेच नसतात. तो लाखो नेहमीचे पासवर्ड स्वतः दळतो आणि कुठलं पीठ चोरलेल्या पिठाशी जुळतं ते बघतो. देवाचं नाव, मग `@`, मग जन्मसाल, हा साचा त्याच्या यादीत अगदी वरच असतो. हे अवघड करायचे दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रत्येक ग्राहकाच्या पिठात वेगळं चिमूटभर मीठ टाकायचं, म्हणजे दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं येतं. तांत्रिक भाषेतही याला 'सॉल्ट', मीठच म्हणतात. दुसरा म्हणजे मुद्दाम संथ दळणारं जातं वापरायचं. 2012 मध्ये लिंक्डइनची यादी चोरीला गेली तेव्हा त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. जातं वेगवान होतं, एसएचए-1 नावाचं, आणि मीठ नव्हतं. आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड असलं दळण सेकंदाला अब्जावधी वेळा करतं.

लिंक्डइनच्या त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तेव्हा सुमारे 65 लाख पासवर्डांचे हॅश बाहेर आल्याचं कळलं होतं. खरा आकडा 2016 मध्ये उघड झाला, तेव्हा 11 कोटींहून जास्त ईमेल आणि पासवर्डांच्या जोड्या विकायला आल्या. मधली चार वर्षं लोक निश्चिंत होते. आपल्याकडे बिगबास्केटच्या 2 कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती 2020 मध्ये गेली, आधी विकली गेली आणि 2021 च्या एप्रिलमध्ये उघड्यावर आली. म्हणजे चोरी एका वर्षी होते आणि धक्का दुसऱ्याच वर्षी बसतो. मावशीला तर आपण त्या दुकानात खातं उघडलं होतं, हेच आठवत नव्हतं.

अशा जोड्या हातात आल्यावर चोर एकेका माणसाचा विचार करत बसत नाही. त्याचा प्रोग्रॅम ती यादी घेऊन मेल, खरेदी, सिनेमा-मालिका, बँका अशा शेकडो ठिकाणी एकेक जोडी लावून बघत जातो. हजारात एखादीच जुळली, तरी दहा लाखांच्या यादीतून हजार खाती हाती लागतात. यात 'पाच वेळा चुकलं की कुलूप' हा नियम कामाला येत नाही, कारण जुळणारी किल्ली पहिल्याच फेरीत जुळते. मग वेबसाइटला दुसऱ्या खुणांवर विसंबावं लागतं. रात्रीचे पावणेतीन वाजलेत, संगणक कधी न पाहिलेला आहे, देश वेगळा आहे, पण पासवर्ड मात्र अचूक आहे. या विसंगतीमुळेच मावशीचं खातं बंद झालं. चोरही बाहेर आणि मालकीणही बाहेर.

आता सुटकेची गोष्ट. यात पहिली चूक माझीच झाली. मी पुण्यात माझ्या लॅपटॉपवर बसलो आणि `accounts.google.com/signin/recovery` हा पत्ता टाकून तिच्या वतीने प्रश्नांची उत्तरं देऊ लागलो. पत्ता हाताने टाकला ते बरोबर होतं. खातं बंद झाल्याचे खोटे मेल आणि एसएमएस इतके फिरत असतात की त्यातल्या दुव्यावर कधीच बोट ठेवू नये. पण लॅपटॉप नवा, शहर वेगळं, म्हणजे मी त्या यंत्रणेला रात्रीच्या चोरासारखाच दिसत होतो. तुम्हीच मालक आहात याची खात्री पटत नाही, असं उत्तर आलं.

मग मावशीलाच तिच्या टॅबवर बसवलं. तोच टॅब, घरचंच वाय-फाय, रोजचाच ब्राउझर. ज्या उपकरणावरून आणि ज्या जागेवरून खातं वर्षानुवर्षं उघडलं गेलं आहे, ती स्वतःच एक ओळख असते. आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारला की अंदाजाने का होईना, उत्तर द्यावं, प्रश्न रिकामा सोडू नये. आणि एकामागून एक घाईने प्रयत्न करू नयेत. पुष्कळ फसलेले प्रयत्न झाले की यंत्रणा काही काळ ऐकूनच घेत नाही. काही वेळा सगळी उत्तरं बरोबर असूनही काही तास किंवा दिवस थांबायला सांगितलं जातं. तसं झालं तर थांबावंच.

यंत्रणेने कोड पाठवण्यासाठी आधी जो मोबाइल नंबर दाखवला, त्याचे शेवटचे दोन आकडे बघून मावशी गप्प झाली. तो काकांचा नंबर होता. काका जाऊन तीन वर्षं झाली, आणि सिम कधीच बंद पडलं होतं. बंद पडलेला नंबर कंपनी किमान 90 दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे हा कोड आता कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर गेला असता. आम्ही दुसरा मार्ग मागितला. तिथे नोंदवलेला ईमेल होता माझ्या मामेबहिणीचा. तिला फोन केला, तिने सहा आकडे वाचून दाखवले आणि खातं उघडलं. एरवी आलेला कोड कुणालाही सांगायचा नसतो. इथे चालला, कारण कोड आम्हीच मागवला होता आणि विचारणाऱ्या मावशीचा आवाज बहिणीच्या ओळखीचा होता.

नवा पासवर्ड ठेवला की बहुतेक लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि उठतात. मला इथे वाचकांना हाताला धरून बसवावंसं वाटतं. चोर काही मिनिटं आत होता की नव्हता, हे अजून पाहायचं असतं, आणि होता, तर त्याने आत काय ठेवलं, ते शोधायचं असतं. पासवर्ड बदलल्याने त्याने ठेवलेल्या गोष्टी निघून जात नाहीत.

यातला महत्त्वाचा भाग मोबाइलच्या ॲपमध्ये दिसतच नाही, संगणकावर किंवा ब्राउझरच्या डेस्कटॉप रूपात जीमेल उघडावं लागतं. तिथे Settings मध्ये `Forwarding and POP/IMAP` या पानावर आपला मेल भलत्याच पत्त्यावर परस्पर पाठवला जात नाही ना, हे बघायचं. `Accounts` या पानावर खातं वापरायची परवानगी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही ना, हे बघायचं. आणि `Filters and Blocked Addresses` या पानावर आपण न केलेला एखादा नियम आहे का, ते बघायचं. मावशीच्या खात्यात असा एक नियम सापडला. ज्या मेलमध्ये `password` किंवा `order` हा शब्द असेल, तो वाचलेला दाखवून थेट कचऱ्यात टाकावा, असा. मावशीला फिल्टर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, त्यामुळे तो कुणी केला याबद्दल शंकाच उरली नाही.

असा नियम कशासाठी करतात, ते कचऱ्याचा डबा उघडल्यावर कळलं. जीमेलचा `Trash` तीस दिवसांपर्यंतचा मेल ठेवतो. त्यात त्या रात्रीचे दोन मेल होते. एक, खरेदीच्या एका मोठ्या साइटवरून आलेला 'पासवर्ड बदलण्यासाठी हा दुवा'. दुसरा, त्यानंतर सहा मिनिटांनी आलेला ऑर्डरचा. तिच्या वाढदिवसाला भाच्यांनी दिलेलं 2000 रुपयांचं गिफ्ट कार्ड त्या साइटवर पडून होतं, ते चोराने खर्चून टाकलं होतं. तिच्या बँक कार्डाला ओटीपी लागतो, म्हणून त्याला हात लागला नाही. गिफ्ट कार्डाच्या शिलकीला ओटीपी लागला नाही.

मेल हातात आला की बाकी सगळं कसं उघडतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला देता येणार नाही. त्या खरेदीच्या साइटचा पासवर्ड वेगळा असता तरी फरक पडला नसता, कारण 'पासवर्ड विसरलात?' हा दुवा मेलवरच येतो. म्हणून बदलाची सुरुवात मेलपासूनच करायची. आधी खरेदीच्या साइटचा पासवर्ड बदलायचा आणि मेलचं मग बघू, असं केलं, तर चोर तो दुवा पुन्हा मागवतो.

`myaccount.google.com` वर `Security` या भागात गेल्यावर अलीकडच्या हालचाली, लॉगिन असलेली सगळी उपकरणं आणि खात्याशी जोडलेली परकी ॲप्स दिसतात. पासवर्ड बदलला की बहुतेक उपकरणं बाहेर पडतात, तरीही एकेक वाचून अनोळखी ते काढायचं. तिथेच काकांचा नंबर काढून तिचा स्वतःचा घातला. मावशीने तो मला काढायला सांगितला नाही, स्वतः काढला. मग दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली, म्हणजे पासवर्ड बरोबर असला तरी तिच्या फोनवर विचारणा होते. त्याबरोबर आठ-आठ आकड्यांचे दहा राखीव कोड मिळतात, ते कागदावर लिहून कपाटात ठेवले. फोन हरवला तर हेच दहा कोड दार उघडतात. ते फोनमध्येच फोटो काढून ठेवले तर काहीच उपयोग नाही.

गेलेल्या दोन हजारांसाठी खरेदीच्या साइटला कळवलं आणि 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. `cybercrime.gov.in` वरही ती करता येते. पैसे गेले असतील तर हा फोन पासवर्डांची आवराआवर करण्याच्या आधी करायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी थांबवता आली तरच काही हाती लागतं.

गळती कुठून झाली, ते शोधायला `haveibeenpwned.com` ही साइट आहे. ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ती 2013 मध्ये सुरू केली. तिथे फक्त ईमेल टाकायचा. कुठल्या साइटची यादी कधी गेली आणि तिच्यात काय काय होतं, ते दिसतं. मावशीचं ते जुनं दुकान आम्हाला तिथेच सापडलं. पण तिथे काही सापडलं नाही, तर आपण सुरक्षित आहोत असं समजू नये. चोरीला गेलेली प्रत्येक यादी तिथवर पोहोचत नाही, आणि पोहोचते ती कधी कधी वर्षांनी.

संध्याकाळी आम्ही तिच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड `passwords.google.com` वर तपासले. एकूण चौतीस खाती. त्यातल्या एकवीस खात्यांना तोच गणेश, काहींना शेवटी एक अंक वाढवलेला, काहींना साइटच्या नावाची दोन अक्षरं चिकटवलेली. मावशीला वाटत होतं की ते वेगळे पासवर्ड आहेत. तसे ते नाहीत. चोरांचे प्रोग्रॅम असे फेरफार आपोआप करून बघतात. `1962` नंतर `1963`, पुढे `!`, आधी `fb`. एका कुलपाची किल्ली गेली की तिच्या चुलत किल्ल्याही गेल्या.

"मग चौतीस वेगळे पासवर्ड मी लक्षात कसे ठेवू?" तिने विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. वर्षानुवर्षं आपण लोकांना सांगत आलो की पासवर्ड अवघड ठेवा, दर तीन महिन्यांनी बदला, कुठेही लिहू नका. या तिन्ही अटी एकदम पाळणारा माणूस एकच पासवर्ड सगळीकडे वापरणार आणि दर तीन महिन्यांनी शेवटचा आकडा वाढवणार. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने, निस्टने, 2017 पासूनच्या आपल्या सूचनांत ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची सक्ती नको असं म्हटलं आहे. त्याऐवजी नवा पासवर्ड गळलेल्या याद्यांत आहे का ते तपासा, असं सांगितलं आहे. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत तीन महिन्यांचा नियम अजून चालू आहे, आणि तो लोकांना पुनर्वापराकडेच ढकलतो, असं माझं ठाम मत आहे.

आठवणीच्या जोरावर हे होत नाही, तांत्रिक माणसांकडूनही नाही. 2012 मध्ये ड्रॉपबॉक्सने जाहीर केलं होतं की दुसऱ्या साइटवरून चोरलेल्या पासवर्डने त्यांच्या एका कर्मचाऱ्याचं खातं उघडलं गेलं, आणि त्यात ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांची यादी होती.

म्हणून पासवर्ड आपल्याला माहीतच नसावा. तो यंत्राने तयार करावा, यंत्रानेच ठेवावा आणि यंत्रानेच भरावा. या कामाच्या ॲपला पासवर्ड मॅनेजर म्हणतात. क्रोममध्ये आणि ॲपलच्या फोनांत तो आधीपासूनच असतो, बिटवॉर्डनसारखे स्वतंत्रही आहेत. याचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. मॅनेजर वेबसाइटचा पत्ता अक्षरन् अक्षर ताडून बघतो. बँकेसारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावर तो पासवर्ड भरतच नाही. रोज आपोआप भरणारी चौकट एके दिवशी रिकामी राहिली, तर हाताने टाकायच्या आधी वरचा पत्ता वाचावा.

मॅनेजरला एक मुख्य पासवर्ड लागतो, तो मात्र पाठ हवा. त्यासाठी चार-पाच असंबद्ध शब्द घ्यावेत, पण मनाने निवडू नयेत. मन म्हण, अभंग, मुलाचं नाव यांच्याकडेच जातं आणि चोराची यादीही तिथेच जाते. डोळे मिटून शब्दकोश उघडावा, बोट पडेल तो शब्द घ्यावा, असं पाच वेळा करावं. आम्हाला असे पाच शब्द मिळाले, की मावशीने त्यांची एक विचित्र गोष्ट रचली आणि दोन दिवसांत ते तिला पाठ झाले.

ज्यांना ॲप नकोच आहे, त्यांनी वही वापरावी. हे वाचून काही जण नाराज होतील, पण मी विचारपूर्वक लिहितो आहे. परदेशात बसलेल्या प्रोग्रॅमला साताऱ्यातलं कपाट उघडता येत नाही. वहीत चौतीस वेगळे पासवर्ड असणं हे डोक्यात एक असण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. वहीची मर्यादा घरात आहे. घरात येणारी-जाणारी माणसं कोण, वही कुठे राहते, आणि घरातलंच कुणी तिच्यावर दबाव आणू शकेल का, हा विचार ज्याचा त्याने करायचा. बँकेचा पासवर्ड आणि पिन मात्र वहीतही नकोत. आणि खोटं पान ओळखण्यात वही मदत करत नाही, तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात.

जिथे 'पासकी'ची सोय दिसते, तिथे ती घ्यावी. तिच्यात गुप्त किल्ली वेबसाइटकडे कधी जातच नाही. वेबसाइटकडे राहतो तो फक्त कुलपाचा साचा. ती यादी चोरीला गेली तरी तिच्यातून किल्ली बनत नाही, आणि दर साइटची जोडी वेगळी असल्याने पुनर्वापराचा प्रश्नच येत नाही. सगळीकडे ही सोय अजून आलेली नाही.

चौतीस खाती एका दिवसात बदलायला घेतली असती, तर मावशी दहाव्याला कंटाळून उठली असती. त्या शनिवारी आम्ही सहाच बदलली. मेल, बँक, यूपीआयचं ॲप, मोबाइल कंपनीचं खातं, खरेदीची साइट आणि फेसबुक. मोबाइल कंपनीचं खातं या यादीत पाहून तिला नवल वाटलं, पण ओटीपी ज्या सिमवर येतात त्याचं ते दार आहे. नऊ खाती तिला लागतच नव्हती, ती पुढच्या आठवड्यात बंद केली, त्यात ते जुनं दुकानही होतं. उरलेली एकोणीस जसजशी उघडायची वेळ येते तसतशी ती बदलते. गेल्या महिन्यात वीजबिल भरताना एक बदललं, रेल्वेचं तिकीट काढताना दुसरं. परवा फोनवर म्हणाली, "अकरा राहिलीत. गणेश अजून अकरा ठिकाणी आहे."